दोन इमारतींमधली कॅमेऱ्याची केबल: जॅकेट उन्हासाठी, जेली पाण्यासाठी, विजेसाठी मात्र तांबंच नको

प्रश्न: आमच्या सोसायटीत ए आणि बी अशा दोन इमारती आहेत, मध्ये साधारण ६५ मीटर अंतर. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर ए इमारतीत आहे. बी इमारतीचे सहा कॅमेरे गच्चीवरून नेलेल्या साध्या कॅट सिक्स केबलने जोडलेत. दोन वर्षांत केबलचं आवरण तडकलं, आणि गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात एकाच रात्री तीन कॅमेरे आणि स्विचचे चार पोर्ट गेले. आता गेटजवळच्या लोखंडी खांबावरही (ए इमारतीपासून ४५ मीटर) कॅमेरा लावायचा आहे. दुकानदार म्हणतो, आर्मर्ड आउटडोअर केबल आणि सर्ज प्रोटेक्टर घ्या, मग काही होणार नाही. हे पुरेसं आहे का? नक्की कोणती केबल घ्यावी?

उत्तर:

पुरेसं नाही. दुकानदार खोटं बोलत नसेल, पण त्याने दोन वेगळी दुखणी एका औषधात बांधून दिली आहेत. केबल तडकली ती उन्हाने. पोर्ट गेले ते आभाळातल्या विजेने. जाड आणि आर्मर्ड केबल पहिल्या दुखण्यावर चालते, दुसऱ्यावर नाही, आणि चुकीच्या पद्धतीने टाकलेली आर्मर्ड केबल तर वीज पडल्यावर नुकसान वाढवते. मी तुमच्या जागी असतो तर दोन इमारतींमध्ये फायबर टाकली असती आणि गेटच्या खांबापर्यंत जेली भरलेली तांब्याची केबल नेली असती. दोन्हीकडे वेगळं का, ते सांगतो.

आधी ऊन. घरात वापरायच्या राखाडी किंवा निळ्या केबलचं आवरण पीव्हीसीचं असतं. पीव्हीसी मुळात कडक. त्यात मऊपणासाठी प्लॅस्टिसायझर मिसळतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि गच्चीच्या तापाने तो हळूहळू निघून जातो आणि पीव्हीसीची साखळीही तुटत जाते. वर पांढुरकी भुकटी दिसायला लागते, बोट फिरवलं की खडूसारखी लागते. मग पहिली भेग पडते ती वळणावर, जिथे पॅरापेटवरून केबल खाली उतरते तिथे. तुमची केबल तिथेच तडकली असणार.

बाहेरच्या केबलचं आवरण पॉलिइथिलीनचं हवं आणि त्यात दोन ते तीन टक्के कार्बन ब्लॅक नीट मिसळलेलं हवं. काजळीचे बारीक कण अतिनील किरण वरच्या थरातच शोषून घेतात. केबल काळी असते ती म्हणूनच. पण काळी दिसली म्हणजे ती पॉलिइथिलीनचीच असेल असं नाही. बाजारात काळ्या पीव्हीसीवर ‘आउटडोअर’ छापून सर्रास विकतात. मी दुकानातच एक साधी चाचणी करतो. केबलच्या टोकाचा बोटभर तुकडा कापायचा, आतल्या तारा काढायच्या आणि आवरणाची रिंग पाण्याच्या ग्लासात टाकायची. पॉलिइथिलीन पाण्यापेक्षा हलकं, तरंगतं. पीव्हीसी बुडतं. रिंगेत हवेचा बुडबुडा अडकला असेल तर बोटाने दाबून बघा, नाहीतर पीव्हीसीसुद्धा क्षणभर तरंगल्यासारखं वाटतं. दुकानदार हसतो, हसू द्या.

पॉलिइथिलीनची एक वाईट बाजू आहे. पीव्हीसी आगीत बऱ्यापैकी स्वतःच विझतं, पॉलिइथिलीन मेणबत्तीसारखं जळत आणि ठिबकत राहतं. म्हणून बाहेरची केबल इमारतीत शिरल्यावर डक्टमधून चार मजले वर नेऊ नका. अमेरिकेच्या विद्युत संहितेत अशा केबलला इमारतीत साधारण ५० फुटांपर्यंतच मुभा आहे. शिरल्या जागीच पेटी लावून पुढे घरातली केबल जोडायची. सर्ज प्रोटेक्टरलाही हीच पेटी कामी येते, त्याबद्दल पुढे.

उन्हाचा अजून एक परिणाम आहे, जो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. १०० मीटरची मर्यादा सगळ्यांना पाठ असते: ९० मीटर पक्की केबल आणि दोन्ही टोकांच्या पॅचकॉर्ड मिळून १० मीटर. पण हा हिशेब २० अंश तापमानाचा. तारेतला सिग्नलचा ऱ्हास २० ते ४० अंशांत दर अंशामागे ०.४ टक्के आणि ४० ते ६० अंशांत दर अंशामागे ०.६ टक्के वाढतो असं धरतात. एप्रिलच्या दुपारी गच्चीच्या कोब्यावर पडलेली काळी केबल ६० अंशांना सहज पोचते. म्हणजे ऱ्हास २० टक्क्यांनी वाढला आणि ९० मीटरचे ७५ मीटरच उरले. कॅमेरे बहुधा १०० एमबीपीएसवर चालतात, त्यांना थोडी सूट मिळते. तरी ‘दुपारी दोन ते पाच चित्र अडकतं, संध्याकाळी आपोआप नीट होतं’ अशी तक्रार आली की मी आधी गच्चीवरची लांबी मोजतो.

आता पाणी, कारण ‘डायरेक्ट बरिअल’ या शब्दाचा खरा अर्थ पाण्याशी आहे. लोकांना वाटतं की जमिनीत पुरायची केबल म्हणजे जाड आवरणाची केबल. जाडी दुय्यम. मुख्य गोष्ट ही की आतल्या तारांच्या जोड्यांमधली पोकळी रिकामी नसते. तिथे पेट्रोलियम जेली भरलेली असते किंवा पाणी लागताच फुगणारी टेप गुंडाळलेली असते. आवरणाला कुठे टोचलं गेलं तरी पाणी तिथल्या तिथे अडतं. साध्या केबलमध्ये ते अडत नाही, चार जोड्यांच्या मधल्या फटीतून नळीसारखं वाहत जातं. एका सोसायटीत मी एनव्हीआरच्या रॅकमधला आरजे-४५ कनेक्टर काढला तर त्यातून पाणी टपकलं. भेग होती गच्चीवर, पाणी उतरलं होतं तळमजल्यावर. पोर्टच्या पिना हिरव्या झाल्या होत्या. सोसायटीचे लोक सहा महिने स्विच बदलत होते.

तारांभोवती पाणी आलं की जोड्यांची कपॅसिटन्स वाढते आणि सिग्नल मरतो. ओळखायची खूण सोपी आहे: पाऊस पडल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी बिघाड, चार दिवस ऊन पडलं की सुधारणा. स्विचच्या सेटिंगच्या पानावर त्या पोर्टचा सीआरसी एररचा, म्हणजे बिघडून पोचलेल्या डेटाचा, आकडा वाढताना दिसतो, आणि बऱ्याचदा पोर्ट १०० वरून १० एमबीपीएसवर उतरलेला असतो.

जेलीच्या केबलचं काम चिकट असतं, म्हणून पुष्कळ टेक्निशियन ती टाळतात. जोड्या सोडवल्यावर प्रत्येक तार आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसावी लागते. न पुसता क्रिंप केली तर कनेक्टरच्या पात्यावर जेली बसते, पकड सैल होते, आणि उन्हाळ्यात जेली पातळ होऊन खालच्या टोकाच्या पोर्टमध्ये उतरते. म्हणून मी जेली केबलवर थेट कनेक्टर मारत नाही. पेटीत कीस्टोन जॅकवर पंच करतो आणि तिथून छोटी पॅचकॉर्ड लावतो.

दुकानात अजून एक बघायचं, तार तांब्याचीच आहे ना. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. ब्लेडने खरवडली की आतून चंदेरी दिसते. मात्र शुद्ध तांब्यावरही कथिलाचा मुलामा असू शकतो, म्हणून मी मल्टिमीटरवर जास्त विश्वास ठेवतो. ३०५ मीटरच्या बंद पेटीत एकाच तारेची दोन टोकं मोजा. २४ गेज तांबं असेल तर २५-२६ ओहम येतात, २३ गेज असेल तर २० च्या आसपास. चाळीसच्या घरात आकडा आला तर ते तांबं नाही. मीटरच्या वायरींचा अर्धा ओहम वजा करायला विसरू नका. ॲल्युमिनियमची ही तार ओलाव्यात गंजते, वाकवली की तुटते, आणि कुठल्याच मानकात बसत नाही.

रेझिस्टन्सचं महत्त्व रात्री कळतं. अंधार पडला की इन्फ्रारेडचे दिवे लागतात आणि कॅमेऱ्याची भूक दुप्पट होते. ४८ व्होल्टच्या पीओईवर, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज द्यायच्या पद्धतीत, ती खपून जाते. पण काही जण पैसे वाचवायला केबलच्या रिकाम्या जोड्यांतून १२ व्होल्ट पाठवतात. ७० मीटर तांब्याच्या केबलमध्ये एक जोडी जायला आणि एक परतीला घेतली तर रेझिस्टन्स सुमारे ६ ओहम. एक अँपिअर ओढला की सहा व्होल्ट वाटेतच खर्च. दिवसा चालणारा आणि संध्याकाळी सात वाजता रीस्टार्ट होत राहणारा कॅमेरा म्हणजे बहुतेक हाच प्रकार. संध्याकाळच्या आधीपासून विंडोजच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालू ठेवा, पत्ता तुमच्या कॅमेऱ्याचा घाला:

```
ping -t 192.168.1.50
```

दिवे लागायच्या वेळेलाच उत्तर बंद पडलं तर दोष विजेच्या पुरवठ्यात आहे, नेटवर्कमध्ये नाही.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येतो. मे महिन्याच्या रात्री वीज बहुधा तुमच्या केबलवर पडलीच नाही. केबलवर थेट पडली असती तर तीन कॅमेऱ्यांवर भागलं नसतं. ती जवळपास कुठेतरी पडली, समोरच्या नारळावर किंवा विजेच्या खांबावर. तरी पोर्ट का गेले?

ए इमारतीला अर्थिंगचा स्वतःचा खड्डा आहे, बी इमारतीला वेगळा. एरवी दोन्हींची पातळी जवळजवळ सारखी. वीज पडली की तिचा प्रवाह जमिनीत पसरतो, त्यातला काही भाग जवळच्या खड्ड्यातून जातो. समजा बीच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स ४ ओहम आहे आणि विजेच्या प्रवाहातले फक्त २००० अँपिअर त्यातून गेले. चार गुणिले दोन हजार, म्हणजे त्या क्षणी बी इमारतीचं अर्थिंग, आणि त्याला जोडलेलं सगळं, ए इमारतीच्या तुलनेत ८००० व्होल्ट वर उचललं गेलं. दोन्ही इमारतींना जोडणारा धातूचा दुवा एकच, तुमची कॅट सिक्स. इथरनेट पोर्टमधल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन मानकाप्रमाणे १५०० व्होल्ट एसीपर्यंत तपासलेलं असतं. ८००० पुढे ते टिकत नाही. शिवाय ६५ मीटर हवेत लटकणारी तार वीज चमकताना अँटेनासारखी वागते, तिच्यात उठणारा व्होल्टेज वेगळाच.

हा दोन अर्थिंगमधला फरक रोजच्या दिवशीही थोडासा दिसतो. ए इमारतीच्या अर्थिंगला बांधलेली एक इन्सुलेटेड तार बी इमारतीत नेऊन तिथल्या अर्थिंगच्या तुलनेत एसी व्होल्ट मोजले की दोन-चार व्होल्ट येतात. एका जागी मला सात मिळाले होते. हे मोजमाप इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि आभाळ भरलेलं असताना अजिबात नको.

या पार्श्वभूमीवर आर्मर्ड केबलचं काय होतं ते बघा. तिच्यातली पोलादी पट्टी उंदीर-घुशींसाठी उत्तम. पण तीच पट्टी दोन्ही टोकांना रॅकला लागली तर दोन अर्थिंगमध्ये जाड पूल तयार झाला. शील्डेड केबलचं तसंच, दोन्ही बाजूंनी शील्ड जोडली की प्रवाहाला वाट मिळाली. एकाही बाजूला नाही जोडली तर शील्डसाठी दिलेले पैसे वाया.

म्हणून ए आणि बी यांच्यामध्ये फायबर. काचेतून प्रकाश जातो, करंट नाही. आठ हजार असो की ऐंशी हजार, तिला फरक पडत नाही. बी इमारतीत एक आठ पोर्टचा पीओई स्विच, त्याला एसएफपीची, म्हणजे फायबर जोडायच्या छोट्या मॉड्यूलची, जागा असलेला. सहा कॅमेऱ्यांना प्रत्येकी १० वॅट धरले तर ६० होतात, म्हणून ९६ किंवा १२० वॅटचा घ्या, ६५ चा घेऊन काठावर चालवू नका. बीचे सगळे कॅमेरे त्याच स्विचला, म्हणजे त्यांची तांब्याची केबल बी इमारतीच्या बाहेर जातच नाही. प्रत्येक कॅमेरा ४ एमबीपीएस धरला तरी सहांचे २४. एक गिगाबिटच्या फायबरला ते काहीच नाही.

फायबर सिंगल मोड, सहा कोअरची घ्या. लागतात एक किंवा दोन, बाकीचे पुढच्या बिघाडासाठी. ‘१० किलोमीटरची एसएफपी ६५ मीटरवर जळेल का’ असं हमखास विचारतात. १० किलोमीटरची नाही जळत. ४० किंवा ८० किलोमीटरवाली मात्र इतक्या जवळ लावू नका, तिचा प्रकाश समोरच्याला झेपत नाही. जोडणी फ्यूजन स्प्लाइसने, म्हणजे काच वितळवून, करून घ्या आणि हिरवा कनेक्टर निळ्यात खुपसू नका. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, दोन्ही एकमेकांत बसतात पण मध्ये फट राहते. पैशाचं म्हणाल तर मीटरमागे फायबर चांगल्या जेली केबलपेक्षा बहुतेक वेळा स्वस्तच पडते, खर्च दोन टोकांच्या सामानाचा आणि स्प्लाइसचा.

फायबर घेऊनही लोक दोन ठिकाणी घात करून घेतात. पहिलं, आर्मर्ड फायबर. तिच्यातही पोलादी पट्टी असते. तुमच्या ६५ मीटरला मी धातू नसलेली, काचतंतूंच्या धाग्यांची ताकद असलेली फायबर एचडीपीई पाइपातून नेईन. आर्मर्डच मिळाली तर ती पट्टी इमारतीत शिरतानाच अर्थिंग बारला बांधा, रॅकपर्यंत नेऊ नका. दुसरं, जास्त मोहाचं: बीच्या स्विचला ए इमारतीच्या यूपीएसवरून वीज मिळावी म्हणून फायबरच्याच पाइपात २३० व्होल्टची वायर ओढणं. असं केलं की काचेने तोडलेला दुवा तांब्याने पुन्हा जोडला. बीच्या स्विचला वीज बीच्याच कॉमन मीटरवरून द्या, छोटा यूपीएस तिथेच ठेवा, आणि तिथल्या डीबीत, म्हणजे एमसीबीच्या पेटीत, टाइप टू एसपीडी हा विजेच्या लाइनचा सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्या. पुरवठ्याच्या लाइनवरून येणारा झटका फायबर थांबवत नाही.

गेटच्या खांबाचं गणित निराळं आहे. तिथे एकच कॅमेरा, वेगळा वीजपुरवठा नाही, आणि त्याच्यासाठी स्विच, यूपीएस आणि मीटर लावणं म्हणजे मच्छर मारायला तोफ. ४५ मीटरला पीओई आरामात चालते. पण लोखंडी खांब जमिनीत रोवलेला आहे, म्हणजे तो स्वतःच एक अर्थिंग आहे, आणि कॅमेऱ्याची धातूची बॉडी त्यालाच बोल्टने आवळलेली. तांबं न्यायचंच आहे, तर दोन्ही टोकांच्या अर्थिंगला एकमेकांपासून फार दूर उचलू द्यायचं नाही, हा इथला उपाय.

चर असा खणा. बागेच्या भागात ६० सेंटिमीटर, गाड्या जातात तिथे ९०. विजेच्या केबलपासून किमान ३० सेंटिमीटर लांब. तळाशी बारीक वाळूचा थर, त्यावर एचडीपीई पाइप, पाइपात जेली भरलेली केबल. ‘डायरेक्ट बरिअल आहे तर पाइप कशाला?’ कारण आपल्याकडे पाच वर्षांत कोणीतरी झाड लावायला किंवा पाण्याची लाइन टाकायला तिथे पहार मारणार, आणि पाइप असला तर नवीन केबल ओढता येते. ‘पाइप आहे तर साधी केबल का नको?’ कारण पाइपात पाणी साचतंच. पहिल्या पावसाने नाही, तर आतल्या दमट हवेचं दव धरून. पाइपातली केबल पाण्यात बुडलेली आहे असंच धरून चाला.

तुमच्याकडे काळी माती असेल तर अजून एक. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते, आणि या हालचालीत ताणून टाकलेली केबल ओढली जाते. पाइप चरात किंचित नागमोडी टाका आणि दोन्ही टोकांना मीटरभर केबल गुंडाळून ठेवा. पाइपाची तोंडं फोमने किंवा डक्ट सीलने बंद करा. मी एकदा नुसती चिंधी कोंबून आलो होतो, दोन महिन्यांत घुशीने ती काढून आत बाळंतपण उरकलं.

आता ज्यावर लोक सगळ्यात जास्त काटकसर करतात ते. पाइपावर १५ सेंटिमीटर माती टाकली की त्याच चरात गॅल्व्हनाइज्ड पट्टी, २५ बाय ६ मिलिमीटरची, खांबापासून थेट ए इमारतीच्या मुख्य अर्थिंग बारपर्यंत टाका. एक टोक खांबाला, दुसरं बारला. वीज जवळ पडली की खांब आणि इमारत यांच्यातला मोठा प्रवाह या पट्टीतून जातो, तुमच्या २३ गेजच्या तारांतून नाही. पट्टीवर पुन्हा माती, मग इशाऱ्याची पिवळी टेप, मग वरचा भराव. गेटला वेगळा अर्थिंगचा खड्डा मारून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. वेगळा आणि न जोडलेला खड्डा म्हणजे वर सांगितलेली आठ हजार व्होल्टची गोष्ट पुन्हा नव्याने. खड्डा मारा हवा तर, पण तो पट्टीला जोडलेला पाहिजे.

मग सर्ज प्रोटेक्टर, दोन्ही टोकांना एकेक. एक ए इमारतीत केबल शिरते त्या पेटीत, दुसरा खांबावरच्या पेटीत कॅमेऱ्याच्या आधी. रॅकमध्ये स्विचशेजारी लावलेला प्रोटेक्टर उशिरा भेटतो, तोवर झटका इमारतीतल्या केबलमधून बाकीच्या वायरींत उतरलेला असतो. आत दोन टप्पे हवेत. पहिला गॅस डिस्चार्ज ट्यूब, जी मोठा प्रवाह अर्थिंगकडे वळवते पण जागी व्हायला किंचित वेळ घेते. दुसरा टीव्हीएस डायोड, जो लगेच जागा होतो पण थोडाच प्रवाह झेलतो. घेताना तो पीओईसाठी आहे का ते बघा. पीओईचे ४८ ते ५७ व्होल्ट दोन जोड्यांच्या मध्ये असतात. फक्त डेटासाठी बनवलेला प्रोटेक्टर त्यालाच झटका समजून आडवा येतो आणि कॅमेरा सुरूच होत नाही. आयईसी ६१६४३-२१ हा मानक क्रमांक माहितीपत्रकात असेल तर बरं.

आणि त्याची अर्थिंगची हिरवी वायर! मी पाहिलेल्या प्रोटेक्टरांपैकी निम्म्यांची ती हवेत लोंबकळत होती. अशा प्रोटेक्टरचा उपयोग जोडणीच्या ठोकळ्याइतकाच. उरलेल्यांची वायर जोडलेली होती, पण तीन-चार मीटर लांब, छान गुंडाळी करून टायने बांधलेली. विजेच्या झटक्याला तारेचा रेझिस्टन्स नडत नाही, तिची इंडक्टन्स नडते, मीटरमागे अंदाजे एक मायक्रोहेन्री. पाच हजार अँपिअर आठ मायक्रोसेकंदांत चढले तर एका मीटर तारेवर सहाशेच्या वर व्होल्ट उभे राहतात, तीन मीटरवर जवळजवळ १९००. प्रोटेक्टरने स्वतः जे रोखलं त्यात ही भर पडते आणि ती सगळी तुमच्या पोर्टला बसते. म्हणून वायर वीतभर, सरळ, जाड. खांबावर तर पेटीच्या बोल्टवरूनच ती खांबाला आवळता येते, रंग खरवडून.

या प्रोटेक्टरचं मरणही ओळखता आलं पाहिजे. झटका झेलल्यावर तो कधी शॉर्ट होतो: पोर्ट मेल्यासारखा वाटतो, तो बाजूला काढून थेट जोडलं की कॅमेरा सुरू. हे चांगलं मरण. वाईट मरण म्हणजे आतला भाग उघडा पडून वाट तशीच चालू राहते, चित्र येत राहतं, आणि पुढच्या झटक्याला मध्ये कोणीच नसतं. वळवाचा मोठा तडाखा होऊन गेला आणि आजूबाजूला टीव्ही, मोडेम गेल्याचं कानावर आलं, की मी दोन्ही बदलून टाकतो. वीज थेट खांबावरच पडली तर हे काहीही वाचवणार नाही. एक कॅमेरा गेला आणि एनव्हीआर वाचला तर काम झालं असं मी समजतो.

गच्चीवर उरलेल्या केबलींबद्दल एकच. बी इमारतीवर तडितरोधक असेल तर त्याच्या खाली उतरणाऱ्या पट्टीशेजारून केबल नेऊ नका. त्या पट्टीलाच टायने बांधलेली कॅमेऱ्याची केबल मी पाहिली आहे, कारण ‘आयती सरळ रेघ मिळाली’. आणि टाय काळे, यूव्हीचे घ्या. पांढरे वर्षभरात तुटतात, मग केबल वाऱ्यावर आपटत राहते आणि चांगलं आवरणही कडेवर घासून फाटतं. कॅमेऱ्याजवळ पेटीत शिरण्याआधी केबलला खाली झोका द्या, पाणी तिथून ठिबकेल, पेटीत जाणार नाही.

कामाचा क्रम म्हणाल तर पावसाआधी चर आणि पट्टी, कारण ओल्या काळ्या मातीत ६० सेंटिमीटर खणणं हा वेगळाच छळ आहे. फायबर आणि बीचा स्विच नंतर एका दिवसात होतो. सगळं चालू झालं की गच्चीवरची जुनी कॅट सिक्स नुसती उपटून ठेवू नका, दोन्ही टोकांनी कापून खाली उतरवा. एका ठिकाणी ती ‘असू दे, स्पेअर’ म्हणून ठेवली होती, आणि पुढच्याच टेक्निशियनने तिच्यावर इंटरकॉम जोडून दिला.